सहा मायक्रॉनची घाण

शिफ्ट सुरू होण्याआधी लाइनवर सगळ्यांनी पाच-दहा मिनिटे एकत्र उभे राहायचे आणि सुपरवायझरने एकाच विषयावर बोलायचे, याला कारखान्यांत टूलबॉक्स टॉक म्हणतात. भोसरी-चाकण असो, सातपूर-अंबड असो, वाळूज असो की कोल्हापूरजवळची शिरोली, हा प्रकार आता सगळीकडे ओळखीचा झाला आहे. विषय बहुतेक वेळा सुरक्षिततेचा असतो. मोजमापाच्या उपकरणांची पाळी क्वचित येते आणि आली तरी ‘जपून वापरा, स्वच्छ ठेवा, जागच्या जागी ठेवा’ एवढ्यावर बोलणे आटोपते. ते ऐकून कोणाची सवय बदलत नाही. उपकरण अस्वच्छ राहिले तर नेमके काय बिघडते आणि ते बिघडल्याचे ओळखायचे कसे, हे त्यात कोणी सांगितलेलेच नसते.

म्हणून इथे एकच उपकरण घेऊ आणि एकच जॉब. उपकरण म्हणजे लेथ आणि ग्राइंडिंगवर रोज हातात असणारा शून्य ते २५ मिलिमीटरचा मायक्रोमीटर. जॉब म्हणजे बेअरिंग बसवायचा वीस मिलिमीटरचा शाफ्ट. व्हर्निअर, डायल, बोअर गेज यांची काळजी घ्यायची ती याच कारणांसाठी. मायक्रोमीटर नीट समजला की बाकीच्यांचे तर्क आपोआप लागतात.

तेरा मायक्रॉनची जागा

६२०४ नंबरचे बेअरिंग पंपात, मोटरीत, पंख्यात सगळीकडे सापडते. त्याचे आतले भोक २० मिलिमीटरचे. त्यात जाणाऱ्या शाफ्टच्या ड्रॉइंगवर बहुतेकदा ‘२० के६’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ शाफ्टचा व्यास कमीत कमी २०.००२ आणि जास्तीत जास्त २०.०१५ मिलिमीटर हवा. दोन्हींमधले अंतर १३ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ऑपरेटरला चुकायला मिळालेली जागा केसाच्या पाचव्या हिश्श्याएवढी आहे.

या जागेत दोन्ही बाजूंनी धोका आहे. शाफ्ट जाड झाला तर बेअरिंग दाबून बसवताना त्याची आतली रिंग फुगते, गोळ्यांना फिरायला ठेवलेली मोकळीक कमी होते आणि यंत्र चालू झाल्यावर बेअरिंग तापू लागते. शाफ्ट बारीक झाला तर आतली रिंग शाफ्टला धरून राहत नाही. ती शाफ्टवर हळूहळू सरकत फिरते आणि बसण्याची जागाच झिजवते. दोन्ही प्रकारांत शाफ्ट डोळ्यांना सारखाच दिसतो, हाताला सारखाच लागतो. तो चांगला की वाईट हे फक्त मायक्रोमीटर सांगतो.

त्यासाठी मायक्रोमीटरही तसा हवा. साध्या मायक्रोमीटरच्या स्क्रूचा आटा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. थिंबलवर, म्हणजे फिरणाऱ्या नळीवर, ५० रेघा असतात, त्यामुळे एक रेघ म्हणजे दहा मायक्रॉन. तेरा मायक्रॉनची जागा दहाच्या रेघेवर मोजता येत नाही. असल्या जॉबला एक मायक्रॉन दाखवणारा, व्हर्निअर रेघांचा किंवा डिजिटल मायक्रोमीटर लागतो. आणि नवा, चांगला मायक्रोमीटर असला तरी त्याच्या स्वतःच्या मापात दोन ते चार मायक्रॉनची चूक मान्य धरलेली असते. तेरातले तेवढे आधीच गेले. उरलेल्या जागेत घाणीसाठी, उष्णतेसाठी आणि हातच्या दाबासाठी फार काही शिल्लक राहत नाही.

झिरो आला, म्हणजे झाले?

फ्लोअरवर हमखास ऐकू येणारे वाक्य आहे, ‘साहेब, झिरो येतोय ना, मग झालं की!’ या वाक्यावर थोडे थांबायला हवे, कारण सर्वांत महाग पडणारी चूक इथेच होते.

मायक्रोमीटरला दोन तोंडे असतात. एक फ्रेमला पक्के बसवलेले, त्याला ॲनव्हिल म्हणतात. दुसरे पुढे-मागे सरकणाऱ्या स्पिंडलचे. दोन्ही तोंडे एकमेकांना टेकली की शून्य दिसायला हवे. समजा, सकाळी ऑपरेटरने मायक्रोमीटर उचलला तेव्हा स्पिंडलच्या तोंडावर कालच्या कूलंटचा वाळलेला थर होता, त्यात ग्राइंडिंगची बारीक धूळ. जाडी सहा मायक्रॉन. डोळ्यांना तो दिसत नाही, बोटाला लागत नाही. तोंडे टेकवली तर डिस्प्लेवर सहा मायक्रॉन दिसले. ऑपरेटरने विचार केला, झिरो सरकलाय. बटण दाबून शून्य केले आणि कामाला लागला.

आता पहिले काही शाफ्ट मोजताना तो थर शाफ्टला घासून निघून गेला. मायक्रोमीटरची तोंडे स्वच्छ झाली, पण झिरो मात्र घाणीवर लावलेला राहिला. इथून पुढे प्रत्येक माप सहा मायक्रॉनने कमी दिसणार. शाफ्टवर २०.०१२ दिसले की ऑपरेटर निर्धास्त होतो, कारण मर्यादा २०.०१५ ची आहे. प्रत्यक्षात तो शाफ्ट २०.०१८ चा आहे, म्हणजे तीन मायक्रॉनने जास्त, रिजेक्ट. रीडिंग खणखणीत, पुन्हा पुन्हा तेच येणारे आणि चुकीचे.

उलटही होते. झिरो स्वच्छ तोंडांवर बरोबर लावला आणि नंतर एखादा कण चिकटला, तर माप जास्त दिसते. तेव्हा २०.००० चा बारीक शाफ्ट २०.००६ दाखवून पास होतो. घाणीने माप कोणत्या बाजूला सरकेल हे ती कधी आली आणि कधी गेली यावर ठरते. म्हणून ‘थोडे मनात धरून चालतो’ असे म्हणून भागत नाही.

यातून दोन नियम निघतात. पहिला, झिरो दिसला नाही तर बटण दाबायचे किंवा स्लीव्ह फिरवायची ती शेवटची गोष्ट. आधी तोंडे पुसायची, पुन्हा टेकवायची, पुन्हा पुसायची. दोनदा पुसूनही तोच फरक राहिला, तरच तो मायक्रोमीटरचा दोष. त्यानंतर झिरो ऑपरेटरने लावायचा की टूल रूमने, हे प्रत्येक कारखान्याने ठरवून दिलेले असावे. दुसरा नियम असा, की झिरो फक्त शिफ्टच्या सुरुवातीला पाहून उपयोग नाही. तासाला ३० शाफ्ट निघत असतील आणि आठ तासांनी, शिफ्ट सुटताना झिरो चुकीचा सापडला, तर २४० शाफ्ट संशयात गेले. सगळे पुन्हा मोजायचे. दर २० शाफ्टनंतर झिरो पाहिला असता तर फक्त २० मोजावे लागले असते. झिरो पाहायला अर्धे मिनिट लागते. किती नगांनी पाहायचा, हे जॉबची किंमत आणि पुन्हा मोजण्याचा त्रास यांवरून ठरवावे, पण ते आकड्यात लिहून लेथजवळ लावावे.

तोंडे पुसण्याची रीत

तोंडे पुसायला हाताशी असते ते कॉटन वेस्ट. नेमके तेच वापरायचे नाही. त्यात आधीच्या पुसण्याचा कीस अडकलेला असतो आणि त्याचे तंतू सुटून तोंडांवर राहतात. ओव्हरऑलची बाही आणि अंगठा हे त्याहून वाईट. अंगठ्याने धूळ निघते, पण घाम बसतो. घामातल्या मिठाने पोलादाला गंज धरतो.

खरी रीत साधी आहे. आधी तंतू न सुटणाऱ्या स्वच्छ, मऊ कापडाने दोन्ही तोंडे पुसायची. मग स्वच्छ पांढऱ्या कागदाची पट्टी घ्यायची, तोंडांमध्ये धरायची, रॅचेटने अगदी हलके टेकवायचे आणि पट्टी सावकाश ओढायची. कागदाची कड तोंडांमधून बाहेर पडण्याआधी स्पिंडल उघडायचा, नाहीतर कडेचे तंतू आतच राहतात. आता पट्टी उजेडात धरून पाहा. स्वच्छ समजलेल्या मायक्रोमीटरच्या पट्टीवरही करडी रेघ उमटलेली दिसते. ती तेल-धुळीची रेघ आहे. नवी जागा धरून पुन्हा ओढायची. रेघ उमटायची थांबली की तोंडे स्वच्छ.

टूलबॉक्स टॉकमध्ये सुपरवायझरने हे बोलून सांगू नये, करून दाखवावे. लाइनवरचाच एक मायक्रोमीटर घ्यावा, पट्टी ओढावी आणि ती सगळ्यांच्या हातात फिरवावी. त्या रेघेकडे पाहिल्यावर सहा मायक्रॉन म्हणजे काय, हे वेगळे समजवावे लागत नाही.

जॉबही पुसलेला हवा. शाफ्टच्या कडेला टूलने उभी केलेली बारीक धार, जिला फ्लोअरवर बर म्हणतात, ती आधी काढायची. ती मापही चुकवते आणि मायक्रोमीटरच्या तोंडावर ओरखडा पाडते. कूलंट पुसून टाकायचे. आणि फिरता जॉब कधीही मोजायचा नाही. त्यात हात अडकण्याचा धोका तर आहेच, शिवाय फिरत्या शाफ्टवर धरलेली तोंडे काही सेकंदांत महिन्याची झीज करून घेतात.

कॉम्प्रेस्ड हवेच्या नळीने मायक्रोमीटर ‘साफ’ करण्याची सवय मात्र पूर्ण मोडायला हवी. हवेचा झोत बाहेरची धूळ उडवतो आणि त्यातलीच काही स्पिंडलच्या कडेने आत, स्क्रूच्या आट्यांत ढकलतो. तिथे ती तेलात मिसळते आणि पॉलिश पेपरासारखी आटे घासत राहते. थिंबल फिरवताना एखाद्या जागी खरखर लागली किंवा जड झाले, की समजावे, धूळ आत गेली आहे. तो मायक्रोमीटर फ्लोअरवर खोलायचा नाही, टूल रूमला द्यायचा.

टेकवण्याचा दाबही स्वच्छतेइतकाच महत्त्वाचा. शेवटी टेकवायचे ते रॅचेटनेच, थिंबल पिळून नव्हे. सावकाश फिरवून तोंडे जॉबला लागली की रॅचेट तीन-चार वेळा टकटक वाजू द्यायचे. तेव्हा दाब साधारण अर्धा ते एक किलो वजनाइतका राहतो. झिरो पाहताना रॅचेट आणि जॉब मोजताना थिंबल, असे केले तर दोन्ही वेळचा दाब वेगळा होतो आणि मापात काही मायक्रॉनचा फरक पडतो. एकच शाफ्ट तीन ऑपरेटरांना मोजायला देऊन प्रत्येकाचे रीडिंग कागदावर लिहायला सांगावे. तिघांचे आकडे वेगळे आले तर पहिली चौकशी रॅचेटची करावी.

गरम जॉब, गरम हात

१९३१ साली आंतरराष्ट्रीय मापन समितीने ठरवले, की लांबीचे कोणतेही माप २० अंश सेल्सियसला धरायचे. ड्रॉइंगवरचे २०.०१५ हे त्याच तापमानाचे. आपल्याकडे एप्रिलमध्ये शेडखाली पारा चाळिशीजवळ जातो. तरीही काम चालते, कारण शाफ्ट पोलादाचा, मायक्रोमीटरचा स्क्रूही पोलादाचा. दोघेही एकाच तापमानाला असतील तर दोघेही जवळजवळ सारखेच वाढतात आणि फरक एकमेकांत मिटतो. अट एकच, दोघे खरोखर एकाच तापमानाला हवेत.

ती अट मोडते ती जॉब चकमधून काढला की लगेच मोजण्याने. पोलादाचा एक मीटर लांबीचा गज एका अंशाने तापला तर साडेअकरा मायक्रॉन वाढतो. आपला वीस मिलिमीटरचा शाफ्ट मायक्रोमीटरपेक्षा २० अंशांनी गरम असेल तर त्याचा व्यास साडेचार मायक्रॉनच्या वर वाढलेला असतो. तो त्या क्षणी २०.००५ दिसतो, ऑपरेटर त्याला पास करतो आणि रॅकमध्ये ठेवतो. गार झाल्यावर तोच शाफ्ट २०.०००४ चा होतो. खालची मर्यादा २०.००२ ची. क्वालिटीचा माणूस तासाने तो मोजून रिजेक्ट करतो, ऑपरेटर म्हणतो माझ्या रीडिंगमध्ये बरोबर होता, आणि दोघेही खरे बोलत असतात.

हे ओळखायचे कसे? एकच शाफ्ट काढल्या काढल्या मोजा, खूण करा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. आकडा खाली उतरला तर कारण उष्णता. उपायही लगेच सापडतो: मोजायचे जॉब आणि मायक्रोमीटर एकाच जाड लोखंडी प्लेटवर शेजारी शेजारी ठेवायचे. लोखंड दोघांचीही उष्णता ओढून घेते आणि दोघे लवकर एका पातळीला येतात. लहान शाफ्टला थोडा वेळ पुरतो, मोठ्या जॉबला जास्त लागतो. आकडा उतरायचा थांबला, म्हणजे मोजायला हरकत नाही.

जॉब ॲल्युमिनियमचा असेल तर एवढ्याने भागत नाही. ॲल्युमिनियम पोलादाच्या दुप्पट वाढते. ३८ अंशांच्या शेडमध्ये जॉब आणि मायक्रोमीटर कितीही वेळ शेजारी ठेवले तरी २० मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमचे माप सुमारे चार मायक्रॉन जास्त दिसणारच. टॉलरन्स बारीक असेल तर असे जॉब वातानुकूलित खोलीतच मोजावे लागतात.

हाताची उष्णताही यात येते. मायक्रोमीटरच्या फ्रेमवर प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, त्या शोभेसाठी नाहीत. तळहाताची ऊब फ्रेमपर्यंत पोचू नये म्हणून त्या लावलेल्या असतात. मायक्रोमीटर तिथेच धरायचा. तो सतत मुठीत धरून काम केले तर फ्रेम वाढते, दोन तोंडांमधले अंतर रुंदावते आणि माप कमी दिसू लागते. ओव्हरऑलच्या खिशात ठेवलेल्या मायक्रोमीटरचेही तेच होते, आणि खिशात कीसही असतो.

ठेवायचा कुठे आणि कसा

लेथवर काम करताना मायक्रोमीटर ठेवायला सर्वांत सोयीची सपाट जागा म्हणजे हेडस्टॉकचा माथा. तीच सर्वांत वाईट. आत गिअर फिरत असल्याने ती जागा गरम होते, थरथरते, आणि थरथरीने मायक्रोमीटर कडेकडे सरकत जाऊन खाली पडतो. मशीनच्या बाजूला, कमरेच्या उंचीवर, कडा असलेला लाकडी ट्रे आणि त्यात रबरी मॅट एवढी सोय पुरेशी आहे. त्या ट्रेमध्ये मोजण्याच्या उपकरणांशिवाय दुसरे काही ठेवायचे नाही. कानस, स्पॅनर, टूल बिट यांच्याशी मायक्रोमीटर घासला की तोंडांवर बारीक खड्डे पडतात.

शिफ्ट संपली की मायक्रोमीटर कोरडा पुसायचा. आजचे बहुतेक कूलंट पाण्यात मिसळलेले असते आणि रात्रभर राहिले तर गंज आणते. तोंडे बहुधा कार्बाइडची असतात, ती टिकतात. गंजतो तो स्पिंडलचा पोलादी भाग. त्यावर गंजरोधक पातळ तेलाचा हलका हात फिरवायचा आणि जादा तेल टिपून घ्यायचे. डायल गेजच्या पुढे-मागे सरकणाऱ्या दांड्याला मात्र तेल लावू नये; त्याला धूळ चिकटते आणि दांडा अडकू लागतो. तो कोरड्या कापडाने पुसणे एवढेच पुरे.

पेटीत ठेवताना दोन्ही तोंडे टेकलेली ठेवायची नाहीत. एक मिलिमीटरपर्यंत फट ठेवायची आणि स्पिंडलचे लॉक सैल ठेवायचे. टेकलेल्या तोंडांमध्ये ओलावा अडकून डाग पडतात. शिवाय रात्री तापमान बदलले की फ्रेम आणि स्पिंडल कमी-जास्त आकसतात आणि टेकलेल्या तोंडांवर विनाकारण ताण येतो.

पेटी आहे म्हणजे उपकरण सुरक्षित, असेही समजू नये. आतल्या फोमने एकदा कूलंट शोषले की ती पेटी उपकरणाला रात्रभर ओलाव्यात ठेवते. पेटी उघडल्यावर कुबट वास आला किंवा फोम दाबल्यावर बोट ओले झाले, तर फोम बदलायचा. कोकणात, लोटे-परशुरामसारख्या भागात पावसाळ्याचे चार महिने हवाच ओली असते. तिथे बंद कपाट आणि सिलिका जेलच्या पुड्या लागतात. पुड्याही ओल्या होतात, त्या ठरावीक दिवसांनी वाळवायच्या किंवा बदलायच्या. डिजिटल मायक्रोमीटर बरेच दिवस वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवायचा. गळलेला सेल आतले सर्किट खातो.

हातातून पडला तर

मायक्रोमीटर एकदा तरी पडतोच. तेव्हा ऑपरेटर काय करतो, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. बहुतेक जण उचलतात, पुसतात, तोंडे टेकवून पाहतात, शून्य आला की काम सुरू करतात. पुन्हा तेच, ‘झिरो येतोय ना.’

पडलेल्या मायक्रोमीटरचा झिरो बरोबर येऊनही तो चुकीचा असू शकतो. दणक्याने फ्रेम किंचित वाकली तर साडेसहा मिलिमीटर व्यासाची ती दोन तोंडे समांतर राहत नाहीत. टेकवल्यावर त्यांच्या कडा लागतात आणि शून्य दिसतो, पण शाफ्ट तोंडांच्या मध्यावर धरला की वेगळे माप येते, कडेला धरला की वेगळे. फ्लोअरवरची तपासणी यावरूनच करता येते. एक कडक, गोल पिन घ्यावी. ती तोंडांच्या मध्यावर धरून मोजावी, मग वर, खाली, डाव्या-उजव्या कडेला. चारही ठिकाणी आकडा तोच आला तर तोंडे समांतर. दोन-तीन मायक्रॉनपेक्षा जास्त फरक आला तर मायक्रोमीटर बाजूला.

दणका स्क्रूलाही बसतो. स्क्रूचा एखादा आटा दुखावला असेल तर शून्याजवळ काहीच कळत नाही. वीस मिलिमीटरला चूक निघते. म्हणून टूल रूममध्ये स्लिप गेज लावून मायक्रोमीटर सगळ्या लांबीवर तपासतात. त्यासाठीच्या स्लिप गेजचे आकडे विचित्र वाटतात: ५.१, १०.३, १५, २०.२, २५. सरळ ५, १०, १५, २० का घेत नाहीत? स्क्रूचा एक फेरा अर्ध्या मिलिमीटरचा असल्याने पाचाच्या पटीतल्या प्रत्येक मापाला थिंबल त्याच शून्याच्या रेघेवर येऊन थांबते. फेऱ्याच्या मधल्या जागेतली चूक त्यात कधी सापडतच नाही. ५.१ आणि १०.३ सारखी मापे थिंबलला फेऱ्याच्या वेगवेगळ्या जागी थांबवतात. ही तपासणी टूल रूमला थोड्याच वेळात करता येते, पण मायक्रोमीटर पडल्याचे टूल रूमला कळले तर.

अडचण इथेच आहे. पडला असे सांगितले तर पगारातून कापतील, मेमो देतील, निदान सगळ्यांसमोर बोलणी बसतील, या भीतीने माणूस गप्प राहतो. मग पडलेला मायक्रोमीटर पुढच्या शिफ्टच्या हातात जातो. त्याच्या अंगावर कॅलिब्रेशनचे स्टिकर असते आणि त्यावरची पुढची तारीखही अजून उलटलेली नसते. पण ते स्टिकर ज्या दिवशी लावले त्या दिवसाची हमी देते; कालच्या दणक्याची त्याला खबर नाही. क्वालिटीच्या माणसाला, गिऱ्हाइकाच्या इन्स्पेक्टरला, पुढच्या ऑपरेटरला, सगळ्यांना ते स्टिकर पाहून तो मायक्रोमीटर चांगला वाटतो.

म्हणून टूलबॉक्स टॉकची शेवटची दोन मिनिटे कामगारांसाठी कमी आणि सुपरवायझर-मालकांसाठी जास्त आहेत. लाइनवर एक लाल टॅगची पेटी ठेवा. मायक्रोमीटर पडला, भिजला, अडकला किंवा दोनदा पुसूनही झिरो आला नाही, की टॅगवर वेळ आणि कारण लिहून तो पेटीत टाकायचा आणि स्टोअरमधून दुसरा घ्यायचा. टॅग लावणाऱ्याचे नाव शिक्षेसाठी वापरले जाणार नाही, हे सर्वांसमोर सांगा आणि पुढच्या वेळी कोणी टॅग लावला तेव्हा ते पाळूनही दाखवा. शेवटचा बरोबर झिरो कधी पाहिला होता, ते विचारा आणि तिथून पुढचे शाफ्ट वेगळे काढून मोजा.

एक मायक्रोमीटर बदलायचा खर्च नेहमीच कागदावर दिसतो. गिऱ्हाइकाकडे गेलेल्या दोनशे चुकीच्या शाफ्टचा खर्च कागदावर येतो तेव्हा तो कोणत्या सकाळच्या कोणत्या दणक्यातून आला, हे शोधण्याची वेळ निघून गेलेली असते. उद्याच्या टॉकला कागदाची एक पांढरी पट्टी, एक गोल पिन आणि लाल टॅगचा गठ्ठा घेऊन जा. आणि पहिला टॅग जो आणून देईल, त्याचे सगळ्यांसमोर आभार माना.